सातबाऱ्यावर चार नावं: साठ सेकंदांची गोष्ट

(बचत गटाच्या मेळाव्यात पडद्यावर दाखवायचा व्हिडिओ. लेकी, मी बांधावर बसूनच बोलते, मागं सोयाबीन दिसू दे. गाणं लावू नको. मायाबहिणींना माझा शब्द न् शब्द ऐकू आला पाहिजे.)

"आमचं शेत कळंब तालुक्यात, तीन एकर. वाटणीत मालकाच्या नावावर आलेलं. मालक अटॅकनं गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दीर स्टँप पेपर घेऊन आले. म्हणले, 'वहिनी, हक्कसोडपत्र हाय, सही करा. लेकरांचं मी बघतो.' सगळे भावकीतले समोर बसलेले. पेन माझ्या हातात दिला."

(दिराचं नाव घ्यायचं नाही. त्यांची पोरं इथंच शाळेत जातात. मी किती रडले तेही गाळलंय. साठ सेकंदांत रडणं घेतलं तर बाकी काही मावायचं नाही.)

"तेवढ्यात आत्याबाई कोपऱ्यातनं बोलल्या. 'माझा बा गेला तवा भावानं मागितला आन् मी अंगठा दिला. पुन्हा माहेरच्या रानात मला कुणी पाय ठेवू दिला नाही. पोरी, तू सही करू नको.' पोटच्या पोरासमोर बोलल्या त्या. मी पेन खाली ठेवला."

(इथं घाई करू नको. 'खाली ठेवला' झालं की मी गप बसते, तू आत्याबाईंचा चेहरा घे. त्यांना विचारलंय, 'दाखव' म्हणल्या. वेळ कमी पडला तर सुरुवातीतलं 'वाटणीत' वगैरे काप, पण ह्यातला एक शब्द कापू नको. गोष्ट इथंच वळते. वळवली आत्याबाईंनी, मी नाही, हे बघणारणीला कळलंच पाहिजे.)

"आम्ही दोघी तलाठ्याकडं गेलो. मालकाच्या जमिनीला बायको, लेकरं आन् आई, सगळे सारख्या हिश्श्याचे वारस. हा कायदा 1956 चा हाय. मृत्यूदाखला जोडून वारस नोंदीचा अर्ज दिला. नोटीस निघाली, हरकतीचे 15 दिवस गेले, फेरफार मंजूर झाला. आज सातबाऱ्यावर चार नावं हायत: आत्याबाई, मी, पोरगी, पोरगा. औंदा पीकविमा आमच्या नावानं भरला. दीर अजून बोलत नाहीत."

(शेवटचं वाक्य काढ म्हणलीस, पण ते राहू दे. सगळं गोड झालं असं सांगितलं, तर ज्या बाईच्या घरात आज भांडण चालू हाय ती म्हणंल, हिचं निराळं होतं. सातबारा हातात धरते, पण गट नंबर दिसू देऊ नको.)

"जिची वारस नोंद राहिलीय, तिनं मृत्यूदाखला आन् आधार कार्ड घेऊन सोमवारी तलाठी कार्यालयात यावं. मी आन् आत्याबाई तिथंच असू."