कपाटाची किल्ली

मधल्या सुट्टीत सुमी पडवीच्या खांबाआड उभी राहायची. हाक मारली की मान खाली. मालवणात त्या दिवशी पावसाची आडवी झड आली, म्हणून ती कोपऱ्यातल्या खोलीत शिरली. दोन लोखंडी कपाटं, दमट कागदाचा वास.

“काय गो, पुस्तक व्हया?” बाईंनी विचारलं. तिने नुसती मान हलवली.

पुस्तक समुद्री कासवांचं होतं. कासवीण रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते, वाळू लोटून परत समुद्रात जाते. सुमी ओळीखाली बोट सरकवत वाचत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. घंटा तिला ऐकूच आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, तेव्हा ती दाराशी उभी होती.

“बाई, किल्ली?”