माझ्या खोलीच्या दोन भिंती मोरपंखी करण्याबाबत

डोंबिवली, १२ ऑक्टोबर

प्रिय आई-बाबा,

जेवताना हा विषय काढला की "बघू" इतकंच उत्तर मिळतं, म्हणून लिहून देते. मला माझ्या खोलीच्या दोन भिंती गडद मोरपंखी रंगवायच्या आहेत: पलंगामागची आणि दाराची. खिडकीची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि छत आहे तसंच राहील.

दोनच का, ते आधी. आई म्हणते खोली काळोखी होईल. चारही भिंती गडद केल्या तर नक्कीच होईल, कारण गडद रंग उजेड शोषतो. पण अभ्यासाचं टेबल खिडकीपाशी आहे आणि तिथली भिंत क्रीमच राहणार. बाथरूमच्या भिंतीला खाली ओल आहे. तिथे कितीही भारी रंग लावला तरी लोणा येऊन पोपडे सुटतील, आणि गडद रंगावर ते पांढरे डाग जास्तच दिसतील. ती आधी प्लंबरची भिंत आहे, रंगाऱ्याची नाही.

मला हा रंग का हवा? एक तर तो मला मनापासून आवडतो आणि पुढची दोन वर्षं, अकरावी-बारावी, मी याच खोलीत असणार आहे. दुसरं, पलंगामागच्या भिंतीवर उशीच्या उंचीला जो तेलकट पट्टा पडलाय, तो क्रीमवर कायम दिसत राहणार.

त्या पट्ट्यावर मात्र थेट रंग चालत नाही. तेलावर पाण्याचा रंग धरत नाही, डाग वर येतो. म्हणून तिथे भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने पुसायचं, साध्या पाण्याने पुन्हा पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. दोन्ही भिंतींवर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवायचं. आत थेंब जमले तर भिंतीत ओल आहे, मग काम पुढे ढकलायचं. भिंतीवर तळहात घासला की पांढरी भुकटी लागते, म्हणजे आत्ताचा रंग डिस्टेंपर आहे. तो सुटा भाग खरवडून, भोकं पुट्टीने भरून, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून वर प्रायमरचा एक हात द्यावाच लागेल. हे टाळलं तर इमल्शन त्या भुकटीलाच चिकटेल आणि तिच्यासकट सुटेल.

हिशेब असा: पलंगाची भिंत ११ बाय साडेनऊ फूट, दाराची १० बाय साडेनऊ, दार वजा करून दोन्ही मिळून साधारण १८० चौरस फूट. एका लिटरमध्ये दोन हात धरून १३० चौरस फूट होतात. गडद शेडला बहुतेक तिसरा हात लागतो, म्हणजे दोन लिटर काठोकाठ. म्हणून तीन लिटर. उरलेला डबा शेड नंबर लिहून ठेवू, पुढे ओरखडे झाकायला लागेलच. तीन लिटर इमल्शन १५६०, प्रायमर १८०, पुट्टी ६०, पॉलिश पेपर १००, रोलर-ट्रे २८०, दोन इंची ब्रश ८०, मास्किंग टेप १२०, सॅम्पलचा छोटा डबा १२०. एकूण २५०० रुपये. भाऊबीजेचे साठवलेले १५०० माझे, १००० तुमचे.

बाबा, छताच्या कडेला टेप लावायचा नाही. तिथला चुना टेपसोबत निघून येतो, तिथे ब्रशच हलक्या हाताने फिरवावा लागेल. तीनही डबे एका बादलीत एकत्र करायचे, म्हणजे डब्याडब्यातला फरक दिसत नाही. कडा ब्रशने मारल्या की ओल्या असतानाच रोलर फिरवायचा आणि तेवढा वेळ पंखा बंद. नाहीतर कड आधी वाळून भिंतीभोवती चौकट उमटते. दोन हातांत किमान चार तास. बोर्डांभोवती रंगवताना मेन स्विच बंद करायला तुम्ही लागाल.

तोटे लपवत नाही. गडद भिंतीवर मच्छर दिसत नाही, त्यामुळे आईची रॅकेट जास्त फिरणार. हाताचे, दप्तराचे ठसेही लवकर दिसतात. एकदम मॅट घेतलं तर पुसलेल्या जागी चकाकी येते आणि जास्त चकचकीत घेतलं तर भिंतीचा प्रत्येक खड्डा उठून दिसतो. म्हणून हलकी चमक असलेलं धुता येणारं इमल्शन निवडलंय. पुढे पुन्हा क्रीम करायचं ठरलं तर घासून प्रायमरचे दोन हात आणि वर रंगाचे दोन-तीन हात लागतील. तो खर्चही अर्धा माझा.

दिवाळीच्या सफाईला कपाटं हलवणारच आहोत, म्हणून दसऱ्यानंतरचा शनिवार-रविवार सोयीचा. त्याआधी फक्त सॅम्पल आणू द्या. पलंगामागे दोन फुटांचा चौकोन रंगवते. ओला असताना तो फिका वाटेल, वाळल्यावर गडद होईल. दिवसा आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये दोघांनी बघा. नाही आवडला तर त्याच जागी क्रीम मारून देईन, आणि सॅम्पलचे १२० रुपये माझे.

गुरुवारपर्यंत सांगाल का? शुक्रवारी क्लासवरून येताना दुकान वाटेतच आहे.

तुमची,
सई