फोटोतल्या गणिताची उकल : जालना रस्त्यावरचे दोन प्रवासी आणि ३५ चा फसवा पर्याय

तू पाठवलेल्या फोटोत पानाच्या उजव्या कडेवर अंगठ्याची सावली पडली आहे, त्यामुळे एक आकडा नीट दिसत नाही. आधी गणित जसे वाचले तसे पूर्ण लिहितो. पुस्तकाशी ताडून पाहा, आणि मगच पुढे वाच.

«जालना ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर ६० किमी आहे. सकाळी ७ वाजता एक सायकलस्वार जालन्याहून संभाजीनगरकडे ताशी १२ किमी वेगाने निघाला. सकाळी ७:३० वाजता एक मोटारसायकलस्वार संभाजीनगरहून जालन्याकडे त्याच रस्त्याने ताशी ४२ किमी वेगाने निघाला. (अ) ते दोघे किती वाजता व जालन्यापासून किती अंतरावर भेटतील? (आ) मोटारसायकलस्वार जालन्यास पोचताच लगेच मागे फिरला व ताशी २८ किमी वेगाने संभाजीनगरला परत आला. त्याच्या संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? पर्याय : ३५, ३३.६, ३४, ३२. (इ) परतताना तो सायकलस्वाराला किती वाजता गाठेल?»

सावलीतला आकडा ४२ आहे की ४३, असा प्रश्न पडतो. छापील २ आणि ३ अंधुक फोटोत सारखेच दिसतात. हे पर्यायांवरूनच ठरते. प्रश्न काढणारा एक पर्याय हमखास दोन वेगांच्या साध्या सरासरीचा ठेवतो, कारण बहुतेक मुले तिथेच बोट ठेवतात. ४२ आणि २८ यांची साधी सरासरी ३५ येते आणि ३५ पर्यायांत आहे. ४३ घेतले तर ती ३५.५ येते, जी कुठेच नाही. म्हणजे आकडा ४२.

(अ) भेटीची वेळ

तुझ्या वहीत ६० ÷ ५४ केले आहे. दोघे समोरासमोर येत आहेत म्हणून वेगांची बेरीज केलीस, ते बरोबर. पण ६० किमी हे अंतर ७ वाजताचे आहे आणि ७ ते ७:३० एकटा सायकलवालाच चालत होता. बेरजेचा वेग दोघेही रस्त्यावर असतील तेव्हापासूनच लागू होतो. म्हणून घड्याळ ७:३० वर आणून ठेवायचे.

सायकलवाल्याचे अर्ध्या तासातील अंतर = १२ × ०.५ = ६ किमी
७:३० ला दोघांमधील अंतर = ६० − ६ = ५४ किमी
एका तासात कमी होणारे अंतर = १२ + ४२ = ५४ किमी
लागणारा वेळ = ५४ ÷ ५४ = १ तास

भेट ८:३० वाजता. सायकलवाला दीड तास चालला, म्हणून जालन्यापासून १२ × १.५ = १८ किमी. मोटारसायकल एक तास, म्हणजे ४२ किमी. १८ + ४२ = ६०, ताळा जमला. नकाशावर ही जागा बदनापूरच्या आसपास येते.

आता हाच ताळा तुझ्या उत्तराला लावून बघ. ६० ÷ ५४ म्हणजे १ तास ६ मिनिटे ४० सेकंद, त्यावरून तू ८:३६:४० लिहिलेस. तेवढ्या वेळात मोटारसायकल ४६.६७ किमी जाते आणि ७ वाजल्यापासून सायकल १९.३३ किमी. बेरीज ६६. रस्ता मात्र ६० चा. जास्तीचे ६ किमी म्हणजे सायकलवाल्याने आधीच कापलेले ६ किमीच. ताळा केला असता तर चूक कुठे आहे हेही त्यानेच सांगितले असते.

इथे आणखी एक घसरण होते. अर्धा तास म्हणजे ०.५ तास. घड्याळात ७:३० दिसते म्हणून कोणी ०.३० लिहिते आणि १२ × ०.३० = ३.६ किमी काढते. मिनिटांना नेहमी ६० ने भागायचे, १०० ने नाही. उलटीकडेही तेच : १.४ तास म्हणजे १ तास ४० मिनिटे नव्हे, ०.४ × ६० = २४, म्हणून १ तास २४ मिनिटे.

वहीच्या कोपऱ्यात तू (१२ + ४२) ÷ २ = २७ असेही करून खोडले आहेस. खोडलेस ते चांगले केलेस. ५४ ला २७ ने भागले असते तर दोन तास आले असते, बरोबर दुप्पट. दोन माणसे एकमेकांकडे येताना मधले अंतर दोघांच्या वेगांच्या बेरजेने घटते. सरासरीने भागल्यावर एकाच माणसाला सगळा रस्ता चालायला लावल्यासारखे होते.

(आ) सरासरी वेग : खरा सापळा इथे आहे

तू ३५ वर खूण केली आहेस. उत्तर ३३.६ आहे. हा भाग सावकाश वाच, कारण सूत्र पाठ असूनही मुले इथे चुकतात.

सरासरी वेग = एकूण अंतर ÷ एकूण वेळ. वेगांची बेरीज करून दोनने भागणे ही वेगळीच गोष्ट आहे.

जाताना वेळ = ६० ÷ ४२ = १०/७ तास
येताना वेळ = ६० ÷ २८ = १५/७ तास
एकूण वेळ = २५/७ तास
एकूण अंतर = १२० किमी
सरासरी वेग = १२० × ७ ÷ २५ = ३३.६ किमी प्रतितास

३५ का चुकते? साधी सरासरी काढताना आपण दोन्ही वेगांना सारखाच मान देतो. तो मान वेळेप्रमाणे द्यायचा असतो, अंतराप्रमाणे नाही. अंतर दोन्हीकडे ६०-६० किमी असले तरी वेळ सारखा नाही. वेग आणि वेळ यांच्यात व्यस्त चलन आहे : वेगांचे गुणोत्तर ४२ : २८ म्हणजे ३ : २, म्हणून वेळांचे २ : ३. प्रवासाच्या पाच भागांपैकी दोनच भाग तो ४२ च्या वेगात होता आणि तीन भाग २८ च्या वेगात. हळू वेग जास्त वेळ चालला, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकली.

४२ × २/५ + २८ × ३/५ = १६.८ + १६.८ = ३३.६

दोन्ही संख्या सारख्या आल्या त्या योगायोगाने नव्हेत. प्रत्येक संख्या त्या टप्प्याच्या अंतरातून येते आणि दोन्ही टप्पे सारख्या लांबीचे आहेत.

३५ बरोबर कधी असते? तो एक तास ४२ ने आणि एक तास २८ ने गेला असता तर. तेव्हा दोन तासांत ७० किमी, सरासरी ३५. म्हणून प्रश्न वाचताना एकच गोष्ट शोध : दोन्ही टप्प्यांत अंतर सारखे आहे की वेळ? अंतर सारखे असेल तर साधी सरासरी नेहमीच जास्त येते. वेग दोन्हीकडे एकच असेल तेव्हाच ती जुळते. म्हणजे जाण्यायेण्याच्या गणितात बरोबर पर्याय साध्या सरासरीपेक्षा लहानच असणार. पण म्हणून ३४ वर अंदाजाने खूण करू नकोस, तो पर्याय त्यासाठीच ठेवला आहे.

परीक्षेत अपूर्णांक टाळायचे असतील तर ६० बाजूला ठेव. अंतर किती आहे याने या सरासरीत फरक पडत नाही. ४२ आणि २८ चा लसावि ८४ घे. जायला २ तास, यायला ३ तास, १६८ ÷ ५ = ३३.६. तोंडी होते. काही पुस्तकांत यासाठी, दोन वेग क आणि ख मानून, २ × क × ख ÷ (क + ख) हे सूत्र दिलेले असते. ते फक्त दोनच टप्पे आणि दोन्ही सारख्या अंतराचे असतील तेव्हाच वापर. तीन टप्पे किंवा वेगळी अंतरे आली की ते लागू पडत नाही, एकूण अंतर ÷ एकूण वेळ मात्र कधी सोडत नाही.

सापळा किती खोल आहे हे पाहायचे असेल तर हे सोडवून बघ : कोणी ६० किमी ताशी ३० ने गेला. येताना किती वेगाने यावे म्हणजे सरासरी ६० होईल? पटकन ९० सुचते. पण १२० किमीची सरासरी ६० हवी तर एकूण २ तासच मिळतात, आणि ते दोन तास जातानाच संपले. कितीही वेगाने आला तरी ६० होणार नाही.

(इ) परतताना पुन्हा गाठ

आता दोघे एकाच दिशेने, संभाजीनगरकडे, चालले आहेत. म्हणून वेगांची वजाबाकी. मोटारसायकल १०/७ तासाने, म्हणजे ८ वाजून ५५ मिनिटे ४३ सेकंदांच्या सुमारास जालन्यात पोचते. तोवर सायकलवाला कुठे आहे?

सायकलचे अंतर = ६ + १२ × १०/७ = १६२/७ किमी
मागचा पुढच्याला गाठण्याचा वेग = २८ − १२ = १६ किमी प्रतितास
वेळ = १६२/७ ÷ १६ = ८१/५६ तास
७:३० पासून एकूण = ८०/५६ + ८१/५६ = १६१/५६ = २.८७५ तास

२.८७५ तास म्हणजे २ तास ५२ मिनिटे ३० सेकंद. गाठ १० वाजून २२ मिनिटे ३० सेकंदांनी. ताळा : सायकल ३.३७५ तास × १२ = ४०.५ किमी; मोटारसायकल जालन्याहून २८ × ८१/५६ = ४०.५ किमी. जालन्यापासून ४०.५ किमी, करमाडच्या आसपास. १०/७ चे दशांश करून १.४३ घेतलेस तर ताळा थोडा हुकतो. शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेव.

तू इथे ३३.६ वापरून पाहिलेस आणि १०:३३ आणलेस, म्हणजे जवळपास अकरा मिनिटे उशीर. कारण असे की ३३.६ ही पूर्ण १२० किमीची सरासरी आहे. गाठ पडेपर्यंत त्याने ६० + ४०.५ = १००.५ किमी कापले, २.८७५ तासांत, तोवरची सरासरी साधारण ३४.९६ आहे, कारण हळू टप्पा अजून पूर्ण झालेला नाही. वाटेत तो कुठे होता हे सरासरीवरून कळत नाही. भेटीच्या प्रश्नात प्रत्येक टप्प्याचा स्वतःचा वेग घ्यायचा.

प्रश्नातला «लगेच» हा शब्दही अधोरेखित कर. तो जालन्यात अर्धा तास थांबला असता तर एकूण वेळ २५/७ + १/२ = ५७/१४ तास झाला असता आणि थांब्यासह सरासरी १६८० ÷ ५७, सुमारे २९.५. थांब्यात अंतर शून्य असते पण घड्याळ चालूच राहते.

त्याच पानावरच्या पुढच्या गणिताची शेवटची ओळ फोटोत कापली गेली आहे. «एक तृतीयांश» एवढेच दिसते. ते अंतराच्या तृतीयांशाचे गणित आहे की वेळेच्या, यावर सगळे उत्तर अवलंबून आहे. पान सपाट ठेवून, उजेड समोरून येईल असे उभे राहून, चारही कडा दिसतील असा फोटो पुन्हा काढ, आणि मागच्या पानावरची उत्तरसूचीही सोबत पाठव.