गणेशोत्सव २०२६ : अंदाजपत्रक आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च

मिरज, १२ जुलै २०२६

आळीतील सर्व रहिवासी, दुकानदार आणि देणगीदारांना खजिनदाराचा नमस्कार.

यंदा चतुर्थी सोमवार, १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी शुक्रवार, २५ सप्टेंबरला. म्हणजे बाप्पा बारा दिवस आपल्याकडे. गेल्या वर्षी अकरा दिवस होते. एक दिवस वाढला की दोन आरत्यांची फुले, प्रसाद, वीज, ध्वनिक्षेपक सगळेच वाढते. त्यात आळीतली एक जुनी इमारत पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली असून तिथली बारा कुटुंबे सध्या शहरात इतरत्र राहतात. दोन दुकाने बंद झाली आहेत. दिवस वाढले आणि घरे कमी झाली, या दोन्ही गोष्टी समोर ठेवूनच हे अंदाजपत्रक केले आहे. ते रविवार, २६ जुलैला सायंकाळी सहा वाजता मंडपाच्या जागेवर होणाऱ्या सभेत मंजुरीसाठी मांडले जाईल. त्याआधी प्रत्येक घराने ते वाचावे, अशी मनापासून विनंती.

सुरुवात गेल्या वर्षीच्या हिशेबापासून. हा जमाखर्च विसर्जनानंतर चौकातल्या फलकावर लावला होता. यंदाचे आकडे त्यावरच बेतले आहेत, म्हणून पुन्हा देतो.

जमाखर्च २०२५ (२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर)

जमा
आरंभीची शिल्लक : १८,४२० रु.
घरगुती वर्गणी, ११८ पावत्या : ७४,७५० रु.
दुकानदारांची वर्गणी, २३ पावत्या : ४१,५०० रु.
विशेष देणग्या (११,००१ + ५,००१ + ५,००१ + २,५०१) : २३,५०४ रु.
कमानीवरील जाहिरात फलक : १५,००० रु.
आरतीचे ताट आणि दानपेटी : १२,८३६ रु.
बँकेचे व्याज : ४१० रु.
एकूण जमा : १,८६,४२० रु.

खर्च
मूर्ती : १६,००० रु.
मंडप भाडे : ३८,००० रु.
सजावट : ३१,६४० रु.
रोषणाई व जनरेटर : १९,५०० रु.
तात्पुरती वीजजोडणी व बिल : ६,२३० रु.
ध्वनिक्षेपक : ९,००० रु.
पूजा, फुले, प्रसाद : १७,३८५ रु.
मुलांच्या स्पर्धा व बक्षिसे : ७,४५० रु.
मिरवणूक : २१,००० रु.
पावतीपुस्तके, छपाई, परवाने : ३,१८० रु.
स्वच्छता व निर्माल्य : २,४०० रु.
किरकोळ : १,८६५ रु.
एकूण खर्च : १,७३,६५० रु.

अखेरची शिल्लक १२,७७० रु. (बँकेत ११,९०५, रोख ८६५). किरकोळ खर्चापैकी ६४० रुपयांना दुकानाचे बिल नाही. त्यासाठी दोन सह्यांचे व्हाऊचर आहे आणि ते कोणालाही पाहता येईल.

शिल्लक दिसते म्हणून हिशेब चांगला जमला, असे समजू नये. आरंभीची शिल्लक बाजूला काढली तर वर्षभरात १,६८,००० रुपये आले आणि १,७३,६५० रुपये गेले. उरलेले ५,६५० आपण आधीच्या साठ्यातून काढले. असेच आणखी दोन-तीन उत्सव केले तर मंडपवाल्याचे शेवटचे बिल द्यायला कार्यकर्त्यांना खिशात हात घालावा लागेल. आपल्या गावात अशी मंडळे आहेत, जिथे मागची उधारी फेडायला पुढची वर्गणी जाते. आपल्या आळीत ते होऊ नये, एवढाच या अंदाजपत्रकाचा आग्रह आहे. म्हणून आधी पैसे किती येणार ते ठरवले, मग खर्च. देखावा आधी ठरवून त्याच्यामागे पावतीपुस्तक घेऊन धावायचे नाही.

यंदाची अपेक्षित जमा

घरगुती वर्गणी : ६६,००० रु.
दुकानदारांची वर्गणी : ३८,००० रु.
विशेष देणग्या : १६,००२ रु.
जाहिरात फलक : १०,००० रु.
आरतीचे ताट आणि दानपेटी : १२,००० रु.
एकूण : १,४२,००२ रु.

गेल्या वर्षी घरगुती पावतीची सरासरी सव्वासहाशेच्या थोडी वर होती. बारा घरे वजा करून १०६ पावत्या धरल्या आणि सरासरी वाढवली नाही. इतरत्र राहायला गेलेल्या कुटुंबांनी आपणहून वर्गणी दिली तर ती आनंदाने घेऊ, पण ती आज हिशेबात धरलेली नाही. देणग्यांमध्ये फक्त ज्या दोघांनी लेखी कळवले त्यांच्याच रकमा (११,००१ आणि ५,००१) घेतल्या आहेत. ‘बघू या, यंदाही देऊ’ असे तोंडी आश्वासन देणाऱ्यांचे मन मोठे आहे, पण त्या भरवशावर मंडपवाल्याला विसार देता येत नाही. जाहिरात फलकाचेही तसेच, ठरलेला एकच धरला.

१२,७७० रुपयांची शिल्लक जमेत दाखवलेली नाही. ती राखीव आहे. तिला हात लावायचा तर समितीने नव्हे, सभेने ठरवायचे.

यंदाचा प्रस्तावित खर्च

मूर्ती, शाडूची : १४,५०० रु.
मंडप भाडे : ३०,००० रु.
सजावट : २०,००० रु.
रोषणाई : १२,००० रु.
तात्पुरती वीजजोडणी व बिल : ६,५०० रु.
ध्वनिक्षेपक : ८,००० रु.
पूजा, फुले, प्रसाद : १८,५०० रु.
स्पर्धा व बक्षिसे : ६,००० रु.
मिरवणूक : १४,००० रु.
पावतीपुस्तके, छपाई, परवाने : ३,००० रु.
स्वच्छता व निर्माल्य : २,५०० रु.
किरकोळ : २,००० रु.
पाऊस व ऐनवेळचा खर्च : ५,००० रु.
एकूण : १,४२,००० रु.

मंडप वीस बाय तीसऐवजी पंधरा बाय वीस फुटांचा घ्यावा, असे सुचवतो. रस्त्याची एक बाजू मोकळी राहील, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी आत येऊ शकेल, शिवाय भाड्यात आठ हजार वाचतील. जनरेटर नको. महावितरण उत्सवासाठी तात्पुरती जोडणी देते, तिच्यावरच सगळे चालवायचे आणि समईजवळ एक बॅटरीचा दिवा ठेवायचा. घरातून किंवा खांबावरून वायर ओढणे पूर्ण बंद.

मिरवणुकीत डॉल्बी नाही. झांजपथकाचे मानधन, ट्रॅक्टरचे भाडे आणि कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता एवढे चौदा हजारांत बसते. आळीत ऐंशीच्या पुढची माणसे आहेत, तान्ही बाळे आहेत. वर्गणी त्यांच्याही घरातून येते.

सजावटीवर थोडे सविस्तर लिहितो, कारण दरवर्षी गाडी तिथेच घसरते. गेल्या वर्षीच्या ३१,६४० पैकी १८,००० रुपये नुसते तयार मखराच्या भाड्याचे होते. ते मखर बाराव्या दिवशी टेम्पोत बसून निघून गेले. यंदा देखावा आपल्या गावाचाच करावा : मिरजेचे तंतुवाद्य कारागीर. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी आपल्याच शाळकरी मुलांपैकी कितीतरी जणांनी भोपळ्याला लाकडी गळा जोडताना पाहिलेला नाही. आळीतले तीन कारागीर अर्धवट घडवलेली वाद्ये, साचे आणि जुनी हत्यारे उत्सवापुरती द्यायला तयार आहेत. वाळवलेला अख्खा भोपळा, त्याच्या शेजारी कापून आतून कोरलेला, मग गळा बसवलेला, मग पॉलिश केलेला आणि शेवटी तारा चढवलेला तंबोरा, असे पाच टप्पे मूर्तीच्या दोन्ही बाजूंना मांडता येतील. प्रत्येक टप्प्याखाली मुलांनी हाताने लिहिलेली पाटी.

यासाठीचे वीस हजार असे : बांबू आणि कापड ६,२००, प्लाय व रंग ४,८००, मखराची ताजी फुले ३,६००, भोपळे आणि इतर कच्चा माल २,४००, सुताराची मजुरी ३,०००. थर्माकोल अजिबात नाही, राज्यात त्यावर २०१८ पासून बंदी आहे. प्लाय आणि बांबू पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवायचे. उसन्या घेतलेल्या प्रत्येक वस्तूची मालकाच्या सहीने नोंद होईल आणि रात्री मंडपात दोन कार्यकर्ते झोपतील. वाद्याला धक्का लागला तर दुरुस्ती ‘ऐनवेळचा खर्च’ यातून होईल. ते कारागिराच्या अंगावर टाकायचे नाही.

वर्गणी कशी घ्यायची

आपले मंडळ न्यास म्हणून नोंदलेले नाही. त्यामुळे धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी हातात आल्याशिवाय एकही पावती फाटणार नाही. परवानगीचा क्रमांक पावतीवर छापला जाईल. महापालिका आणि पोलिसांचे परवाने मंडप उभारण्याआधी घेतले जातील.

वर्गणी १५ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर या काळात घेऊ. प्रत्येक घरी दोघे जातील, एकटा कोणी नाही. रक्कम देणाऱ्याने सांगायची, आकडा आधी लिहून पावती पुढे करायची नाही. कोणी नाही म्हटले तर नमस्कार करून पुढचे दार. त्या घराला प्रसाद आणि आरतीचे बोलावणे इतरांसारखेच जाईल. पाच पुस्तकांच्या पावत्यांना सलग क्रमांक असतील, रद्द पावतीचे दोन्ही भाग पुस्तकातच राहतील. ऑनलाइन पैसे फक्त पावतीमागे छापलेल्या कोडवरून मंडळाच्या बँक खात्यातच. कार्यकर्त्याच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर कृपया पाठवू नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. जमलेली रोकड दुसऱ्या दिवशी बँकेत भरली जाईल. खात्यातून पैसे अध्यक्ष आणि खजिनदार या दोघांच्या सहीनेच निघतात.

महाप्रसादाचा तांदूळ, डाळ, गूळ, तेल नेहमीप्रमाणे वस्तुरूपाने घेऊ. त्याची वेगळी वही असेल आणि ती यादीही फलकावर लागेल.

६ सप्टेंबरला रात्री नऊ वाजता पावतीपुस्तके सर्वांसमोर मोजली जातील. तोवर घरगुती आणि दुकानदारांची मिळून वर्गणी ९०,००० रुपयांच्या खाली राहिली, तर आधी रोषणाई, मग मिरवणूक आणि त्यानंतर सजावट या क्रमाने कात्री लागेल. पूजा, मुलांच्या स्पर्धा आणि स्वच्छता यांना लागणार नाही. पैसे अंदाजापेक्षा जास्त आले तर ते राखीव निधीत जातील, निधी २०,००० होईपर्यंत. ऐन उत्सवात वाढीव खर्च सुचवायचा असेल त्याने पैसा कुठून येणार हेही त्याच कागदावर लिहून द्यावे.

जाहीर हिशेब

विसर्जनानंतर आठवडाभरात सगळी बिले चुकती करून शनिवार, ३ ऑक्टोबरला जमाखर्च चौकातल्या फलकावर लावला जाईल. त्यात प्रत्येक बाबीपुढे अंदाज, प्रत्यक्ष खर्च, फरक आणि फरकाचे कारण असे चार रकाने असतील. वर्गणीदारांची यादी पावती क्रमांक आणि रकमेसह लागेल. ज्यांना नाव नको त्यांनी तसे पावती घेतानाच सांगावे, मग नुसता क्रमांक येईल. फलकावर जाण्याआधी समितीबाहेरचे दोन रहिवासी बिले तपासून सही करतील. ते दोघे कोण, हे २६ जुलैच्या सभेतच ठरवायचे आहे, तेव्हा इच्छुकांनी नावे द्यावीत. हिशेब येणाऱ्या कोणाही भगिनीने पुढे यावे, ही खास विनंती. आळीतल्या बचत गटाच्या वह्या मी पाहिल्या आहेत, इतक्या स्वच्छ वह्या आमच्या मंडळाच्याही नाहीत.

रविवार, ४ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता, नवरात्राची गडबड सुरू होण्याआधी, हिशेबाचे वाचन होईल. मूळ बिले, पावतीपुस्तके आणि बँकेचे पासबुक टेबलावर असेल. त्यानंतर हिशेबाची प्रत धर्मादाय कार्यालयात दिली जाईल.

अंदाजपत्रकावरच्या सूचना किंवा हरकती २४ जुलैपर्यंत लेखी द्याव्यात. सूचनेची पेटी दत्तमंदिराच्या ओट्यावर ठेवली आहे. सभेला येताना गेल्या वर्षीची पावती सापडली तर सोबत आणा, म्हणजे वहीतल्या नोंदीशी ताडून पाहता येईल.

आपला,
खजिनदार, गणेशोत्सव समिती