विषय: अंबडच्या ट्रेनर पदासाठी अर्ज

नमस्कार मॅडम,

मंगळवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "कॉर्पोरेटचा अनुभव किती?" शून्य. नाशिकच्या एका शाळेत 11 वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, एवढाच अनुभव.

पण एक सांगते. व्हर्नियर कॅलिपर दरवर्षी मुलांना अवघड जायचा. शेवटी मी पुठ्ठ्याची हातभर लांब पट्टी केली, सरकती पट्टी मुलांच्याच हातात दिली आणि लघुत्तम माप त्यांच्याकडूनच काढून घेतलं. गेल्या दिवाळीत सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये, ओळखीतून, नव्या आठ अप्रेंटिसना तीच पट्टी घेऊन शिकवलं. फरक इतकाच, की शाळेत 0.1 मिमी पुरतं आणि तिथे 0.02 लागतं. नाइट शिफ्ट करून आलेल्या मुलाला जागं ठेवणं मात्र नववीच्या शेवटच्या तासापेक्षा कठीण निघालं!

प्रशिक्षणाचं मूल्यमापन म्हणून कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या वाचल्या. पहिल्या दोन, म्हणजे प्रतिसाद आणि शिकणं, रोजच्याच. कामावरचं वर्तन आणि कंपनीला झालेला फायदा मोजणं मला शिकावं लागेल. एक्सेल येतं, इंग्रजीत सेशन घेऊ शकते. मराठी-हिंदीत जास्त रंगतं.

दहावीचा वर्ग मध्येच सोडणार नाही, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून रुजू होईन. पगाराचं भेटीत बोलू. शनिवारी दुपारनंतर मोकळी आहे. डेमो ठेवलात तर पट्टी घेऊन येते.

बायोडेटा जोडला आहे.

आपली,
मनीषा
इंदिरानगर, नाशिक