‘कोणी’पासून ‘लढ’पर्यंत : कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ कवितेतील ओळखीची मागणी

मराठी विभागाच्या चर्चासत्रासाठी शोधनिबंधाचा विस्तृत गोषवारा, नाशिक

कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता नाशिकमध्ये वाचलेली नसली तरी ऐकलेली असते. शाळेच्या भिंतीवर, निरोपसमारंभाच्या भाषणात आणि 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या फलकावर तिच्या शेवटच्या दोन ओळी हमखास भेटतात. मात्र या प्रसिद्धीने कवितेचे एक नुकसान केले आहे. शेवट सुटा झाला, त्याला सुभाषिताचे रूप आले, आणि पुरात संसार गमावलेला एक माजी विद्यार्थी आपल्या सरांकडे नेमके काय मागायला आला होता, हा प्रश्न मागे पडला. ही कविता धीर मागणाऱ्या माणसाची नसून ओळख मागणाऱ्या माणसाची आहे आणि ही मागणी आशयापेक्षा मराठी व्याकरणाच्या आधारे, विशेषतः आदरार्थी व एकेरी रूपांच्या आधारे, उभी राहते, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

कवितेचा पहिलाच उद्गार प्रश्नार्थक आहे : आपल्याला ओळखले का, असे विद्यार्थी विचारतो. त्याच ओळीच्या उत्तरार्धात निवेदक उत्तर देण्याऐवजी ‘पावसात आला कोणी’ असे सांगतो. हा निवेदक म्हणजे सर असावेत असे मानले (खिशाकडे जाणाऱ्या हातावरून तसे मानणे भाग पडते), तर या ‘कोणी’ला विलक्षण वजन येते. ओळखले का, या प्रश्नाला मिळालेले ते पहिले, न उच्चारलेले आणि काहीसे निष्ठुर उत्तर आहे. सरांनी त्याला ओळखलेले नाही, किंवा चिखलाने माखलेल्या कपड्यांतून अजून ओळखलेले नाही. ‘कोणी’ ही केवळ कथनाची सोय आहे, त्यावर एवढा भार टाकू नये, असा आक्षेप येऊ शकतो. परंतु पुढेही निवेदक त्याला ना नाव देतो, ना नाते. तो आला, बसला, हसला, उठला, एवढीच त्याची नोंद होते.

दुसरे निरीक्षण बोलण्याच्या वाटणीचे आहे. प्रचलित छापील पाठात कवितेच्या चौदा ओळी आहेत. त्यांपैकी निवेदकाकडे सुमारे साडेतीन ओळी येतात आणि उरलेल्या सगळ्या विद्यार्थी बोलतो. विद्यार्थी ‘सर’ असे तीनदा म्हणतो, सर मात्र एकदाही बोलत नाहीत. निवेदकाच्या वाट्याला ‘मी’ हे सर्वनामही आलेले नाही. खिशाकडे हात जातो, पण तो कोणाचा हे कविता सांगत नाही. मदत करू पाहणारा माणूस असा व्याकरणातूनच अंग चोरून बसलेला असतो, आणि पैसे नाकारून विद्यार्थी त्याला तिथून बाहेर बोलावतो.

हे बोलावणे शेवटच्या ओळीत पूर्ण होते. ‘म्हणा’ हे आदरार्थी रूप आहे, तर ‘लढ’ हे एकेरी. म्हणजे विद्यार्थी सरांना ‘तुम्ही’च म्हणत राहतो, पण त्यांनी आपल्याला ‘तू’ म्हणावे अशी त्याची मागणी आहे. वर्गात बाकावर बसलेल्या मुलाला शिक्षक ज्या रूपाने हाक मारतात, तेच रूप त्याला परत हवे आहे. शिवाय तो लढायचे कसे हे विचारायला आलेला नाही. पाच ओळी आधीच त्याने ‘लढतो आहे’ असे सांगितले आहे, भिंत बांधायला घेतली आहे आणि गाळ उपसायलाही सुरुवात केली आहे. जो आधीच लढत आहे त्याला ‘लढ’ या शब्दातून नवे बळ मिळण्यासारखे फारसे नाही. त्याला हवे आहे ते त्या शब्दामागचे ‘तू’. पहिल्या ओळीतील ‘कोणी’ला शेवटच्या ओळीत ‘तू’ व्हायचे आहे. सरांनी पाठीवर हात ठेवला की नाही, ‘लढ’ म्हटले की नाही, हे कवीने सांगितलेले नाही. खिशाकडे गेलेला हात पाठीपर्यंत पोहोचण्याआधीच कविता थांबते.

निबंधाची पद्धत मुख्यतः सूक्ष्म वाचनाची आहे. क्रियापदांची रूपे, सर्वनामांची उपस्थिती व अनुपस्थिती आणि संबोधने यांची ओळीगणिक नोंद करून वरील मांडणी केली आहे. तिला जोड म्हणून पुराच्या भाषेकडे पाहिले आहे. गोदावरीला नाशिककर ‘गंगा’ म्हणतात, घाटाकडे जाणे म्हणजे ‘गंगेवर जाणे’, आणि पुराची पातळी सांगताना मीटरच्या आधी घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती आठवते : पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला आले. 2016 आणि 2019च्या ऑगस्टमध्ये ही मोजणी शहराने पुन्हा ऐकली. भांडी बाजार व सराफ बाजार या परिसरातील काही रहिवाशांशी मी बोलले, तेव्हा एका आजींनी “पूर आला” न म्हणता “गंगा घरात आली होती” असे सांगितले आणि लगेच त्या वर्षी ओटी कशी भरली तेही सांगितले. त्यामुळे कवितेतील पाहुणी गंगामाई आणि माहेरवाशिणीची प्रतिमा ही निव्वळ कविकल्पना राहत नाही. माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, हा घरोघरचा रिवाज विद्यार्थी आपल्या सर्वनाशाला लावतो. ओटी भरायला घरात काही उरलेच नाही, म्हणून तिने होते नव्हते ते स्वतःच नेले आणि मागे प्रसाद ठेवला तो पापण्यांतील पाण्याचा. नदीशी असलेले नाते न तोडता केलेली ही तक्रार आहे. नदीने एवढे नेल्यावरही जो तिला ‘माई’ म्हणतो, त्याला सरांचे पैसे का नको असतात, हेही येथे उलगडते : पैसे घेतले की तो पूरग्रस्त ठरतो आणि विद्यार्थी उरत नाही.

येथे एक मर्यादा मान्य करायला हवी. संवादांची ही सामग्री थोडी आहे आणि ती कवितेच्या अर्थाचा पुरावा म्हणून वापरलेली नाही. प्रतिमेची भाषा कोणत्या बोलण्यातून येते, एवढेच तिने दाखवायचे आहे.

निष्कर्ष असा की ‘कणा’मधील न मोडलेला कणा ही कवितेतील बातमी आहे, मागणी नव्हे. मागणी त्या कण्यावर ठेवल्या जाणाऱ्या हाताची आणि एकेरी हाकेची आहे, आणि तिचे कारण विद्यार्थी स्वतः एका शब्दात देतो : ‘एकटेपणा’. फलकावर उतरताना नेमका हाच शब्द गळतो, कारण तो शेवटच्या दोन ओळींच्या आधीच येऊन जातो. अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ही कविता शिकवताना ‘यातून काय बोध मिळतो’ या प्रश्नाऐवजी ‘यात कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो’ या प्रश्नापासून सुरुवात करावी. पूर्ण निबंधात ओळवार वाचनाचा तक्ता जोडला असून आदरार्थी–एकेरी भेद नसलेल्या भाषेत शेवटच्या ओळीचे काय होईल, याची स्वतंत्र चर्चा केली आहे.

बीजशब्द : कुसुमाग्रज, ‘कणा’, संबोधन, आदरार्थी व एकेरी रूपे, गोदावरीचा पूर, सूक्ष्म वाचन.