तुम्हाला आमच्या कंपनीत का यायचं आहे? थोडक्यात लिहा (पद: फील्ड ऍग्रोनॉमिस्ट, केळी व ठिबक, जळगाव जिल्हा)

थोडक्यात सांगायचं तर मला ठिबक विकायला नाही, ठिबक चालवून द्यायला यायचंय, आणि खान्देशात हे काम जैन इरिगेशनमधून जितक्या शेतांपर्यंत पोचेल तितकं माझ्या एकट्याच्या बाईकवरून पोचणार नाही. आता जरा सविस्तर लिहितो, कारण एवढ्या दोन ओळींवरून तुम्हाला माझ्याबद्दल काही कळणार नाही.

मी चोपडा तालुक्यातला, अडावदच्या बाजूचा. घरी कापूस आणि केळी. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बीएस्सी ऍग्री केलं, नंतर चोपड्याला एका कृषी सेवा केंद्रावर काम करतोय आणि घरची बाग आप्पांसोबत बघतोय. दुकानावर बसून एक गोष्ट रोज दिसते. शेतकरी येतो, म्हणतो भाऊ बाग एकसारखी नाही, पुढची झाडं जोरात आणि शेवटची पिवळी, काय टाकू सांग. मग कोणीतरी त्याला एक बाटली देतं, एक बॅग देतं, तो पैसे मोजून जातो आणि महिन्याने परत तीच तक्रार घेऊन येतो. मी दुकान बंद झाल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी अशा काही बागांत स्वतः जायला लागलो. बहुतेक ठिकाणी खत कमी नव्हतंच, पाणीच पोचत नव्हतं.

आमच्याच शिवारातल्या एका नानांची बाग सांगतो. ते मला म्हणाले, "पानी तं दिसस, पन झाडले भेटत नही." त्यांना कोणीतरी सगळ्या नळ्या बदलायला सांगितल्या होत्या, खर्च ऐकूनच ते हबकले होते. मी काही मोठं केलं नाही, लॅटरलच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ड्रिपरखाली डबे ठेवले. ड्रिपर 4 लिटरचा आहे म्हणजे 15 मिनिटांत 1 लिटर पडायला पाहिजे, पहिल्या डब्यात जवळपास तेवढं पडलं आणि शेवटच्या डब्यात निम्मंही नाही. एंड कॅप उघडली तर पांढरा चुरा, विहिरीच्या पाण्यातले क्षार. मग आधी फिल्टर धुतला, सबमेन आणि लॅटरल फ्लश केल्या, ऍसिड ट्रीटमेंट केली (पाण्यात ऍसिड ओतायचं, ऍसिडमध्ये पाणी कधीच नाही, हे तिथल्या सालदारालाही दोनदा बजावून सांगितलं), दिवसभर तसंच ठेवून परत फ्लश केलं आणि पुन्हा डबे लावले. शेवटच्या डब्यातलं पाणी वाढलेलं नानांनी स्वतः बघितलं. नळ्या बदलाव्या लागल्या नाहीत, फक्त काही ड्रिपर बदलले.

मला हे काम आवडतं. खरंच आवडतं, उन्हात लॅटरलच्या शेवटपर्यंत चालत जायचा मला कंटाळा येत नाही.

दुसरी गोष्ट खताची. आमच्याकडे थ्री फेज लाईट आठवड्याने दिवसाची-रात्रीची बदलते, त्यामुळे शेतकरी काय करतो, लाईट आली की मोटर चालू आणि व्हेंच्युरीतून खत पण लगेच चालू, मग लाईट जाईपर्यंत नुसतं पाणी. खत सगळं सुरुवातीला जातं आणि नंतरचं पाणी त्याला मुळांच्या खाली ढकलतं. केळीची कामाची मुळं बहुतेक वरच्या दीड फुटात, त्याखाली गेलेला युरिया आणि पोटॅश झाडाच्या काय कामाचा? आधी थोडं पाणी, मधे खत, शेवटी लाईन धुवून निघेल एवढंच साधं पाणी, आणि एकदाच सहा तास चालवण्यापेक्षा जमिनीचा वाफसा बघून वेळ ठरवायचा. 5 बाय 5 फुटांवर एकरी 1742 झाडं बसतात, एवढ्या झाडांना महिनोन् महिने खत द्यायचं म्हणजे प्रत्येक वेळी थोडं वाया गेलं तरी हंगामाला किती पैसे मातीत जातात ते कोणीही हिशोब करून बघावं. आणि पाणी तर त्याहून महत्त्वाचं, यावल-रावेरकडे विहिरी आणि बोअर किती खोल गेलेत हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमचीच कंपनी का. पहिलं कारण सरळ आहे, मोठे भाऊ, म्हणजे भवरलालजी जैन, वाकोदच्या शेतकरी घरातले, 1963 ला रॉकेलच्या धंद्यापासून सुरुवात केली आणि 1978 ला केळी पावडरचा बंद कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन बनवायला लागले. म्हणजे कंपनी आधी शेतमालाकडे आणि शेतीच्या वस्तूंकडे आली, आणि ठिबक नंतर त्यात जोडलं गेलं. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. पाईप, ड्रिपर, ग्रँड नैनची टिश्यू कल्चर रोपं आणि सल्ला, हे सगळं एकाच घरात असेल तर शेतकऱ्याला चार जणांकडून चार वेगवेगळी उत्तरं ऐकावी लागत नाहीत. रोपं बनवणाऱ्यांना शेतात काय झालं ते कळलं पाहिजे आणि शेतातल्या माणसाला रोपाबद्दल खात्रीने बोलता आलं पाहिजे. सीएमव्ही आला की मी बघितलंय, लोकं आधी रोपाला दोष देतात, पण बांधावरचं तण, शेजारची काकडी-भोपळ्याची वेल आणि त्यावरचा मावा कोणी बघत नाही. अशा वेळी रागावलेल्या शेतकऱ्यासमोर बागेत उभं राहून नीट समजावणारा माणूस लागतो. लागण झालेलं झाड उपटून टाक हे सांगणं सोपं नाही, पण पहिल्याच आठवड्यात सांगितलं तर बाकीची बाग वाचते.

दुसरं कारण, जैन हिल्सला कॉलेजच्या ट्रिपमध्ये प्रात्यक्षिक प्लॉट बघितले होते. तिथे पाणी, खत, लागवडीचं अंतर सगळं मोजून केलेलं. मला तेच मोजमाप आमच्या काळ्या जमिनीत, रात्रीच्या लाईटवर आणि मे महिन्याच्या झळांमध्ये बसवायचंय. प्लॉटवर जे होतं ते शेतात तसंच्या तसं होत नाही आणि मधली जी फट आहे ती भरायला फील्डवरचा माणूस पाहिजे, मला वाटतं या पदाचं खरं काम तेच.

मला घेतलं तर पहिल्या वर्षी मला हे करायचंय, माझ्या भागात जुनी झालेली ठिबकची शेतं आधी फिरायची, प्रत्येक ठिकाणी डबे लावून पाणी मोजायचं, फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर लिहायचं, आणि मृगबाग लागायच्या आत दुरुस्त्या करून द्यायच्या. नवीन सेट विकायचं टार्गेट असेल तर ते पण करेन, पण ज्याचा जुना सेट नीट चालतो तोच शेतकरी शेजाऱ्याला कंपनीचं नाव सांगतो, हा माझा दुकानावरचा अनुभव आहे.

अहिराणी घरचीच, रावेर-यावलकडची लेवा बोली नीट समजते आणि मोडकीतोडकी बोलतो. महाडीबीटीवर अनुदानाचे अर्ज भरून देतो, त्यात कुठली कागदं अडकतात ते माहितीये. बाईक आणि लायसन्स आहे, चोपडा, यावल, रावेर, मुक्ताईनगर कुठेही पोस्टिंग चालेल. सेवा केंद्राच्या मालकांना अर्ज केल्याचं सांगितलेलं आहे, त्यांनी एक महिना आधी कळव एवढंच म्हटलंय. मुलाखतीला बांभोरीला कधीही येऊ शकतो, आणि शक्य असेल तर मुलाखतीत एखाद्या चालू बागेत नेऊन मला लाईन तपासायला लावा.